गाईच्या गव्हाणीचा हिशेब: ओली वैरण, कडबा आणि खुराक

दुभत्या गाईच्या गव्हाणीत दिवसभरात तीन प्रकारचे खाद्य पडते. ओली वैरण, म्हणजे नेपिअर, मका, घास किंवा उसाचे वाढे. वाळलेली वैरण, म्हणजे ज्वारीचा कडबा, गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा. आणि तिसरा खुराक, म्हणजे पेंड, भरडा, चुनी, भुसा किंवा बाजारातले पोत्यातले पशुखाद्य. या तिघांचे प्रमाण बहुतेक गोठ्यांत सवयीने ठरते. शेतात जे उभे असेल ते ओले, गंजीत जे असेल ते वाळलेले, आणि दूध कमी झाले की खुराकाचे एखादे माप जास्त. गाय पोटभर खाते, तरी दूध वाढत नाही. अशा वेळी दोष बहुधा खाद्य कमी पडण्यात नसतो, तर त्यातले एखादे द्रव्य तुटीत असण्यात असतो. कोणते द्रव्य किती तुटीत आहे हे वजनकाटा आणि थोडी बेरीज-वजाबाकी यांवरून शोधता येते.

हिशेबाची पहिली पायरी म्हणजे वैरणीतले पाणी वजा करणे. ताज्या कापलेल्या नेपिअरच्या १०० किलोंत साधारण ८० किलो पाणीच असते. घासाचेही तसेच. कडब्यात मात्र पाणी १० किलोंच्या आसपास. म्हणून २० किलो हिरवागार नेपिअर आणि साडेचार किलो कडबा गव्हाणीत शेजारी ठेवले, तर नेपिअरचा ढीग कितीतरी मोठा दिसतो, पण दोघांतही पाणी सोडून उरणारा भाग सारखाच, चार किलो, असतो. या उरलेल्या भागाला शुष्क पदार्थ म्हणतात. गाईला मिळणारे पोषण याच भागात असते, आणि तिच्या पोटाची मर्यादाही यावरूनच मोजतात. संकरित दुभती गाय दिवसाला आपल्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ खाऊ शकते. ४०० किलोंच्या गाईसाठी ही मर्यादा १० ते १२ किलो होते. गाईला लागणारे सगळे एवढ्याच जागेत बसवायचे असल्याने निकस वैरणीने ही जागा भरली की चांगल्याला वाव उरत नाही.

गाईचे वजन काढायला मोठा काटा लागत नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजावा, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. उत्तर किलोंत येते. ६६ इंच घेर आणि ६० इंच लांबी असलेली गाय ३९६ किलोंची, म्हणजे व्यवहारात ४०० किलोंची धरायची. या मापात थोडा फरक पडू शकतो, पण नुसत्या नजरेच्या अंदाजापेक्षा ते पुष्कळ भरवशाचे असते.

पुढची पायरी गरज ठरवण्याची. खाद्यात पचणारा किती भाग आहे याचे माप शास्त्रात एकूण पचनीय पदार्थ या नावाने घेतात. पशुवैद्यक त्याला टीडीएन म्हणतात. गाईला मिळणारी ऊर्जा या मापातून कळते. दुसरे माप प्रथिनांचे. गाईची गरज दोन हिश्श्यांत मोजावी. ४०० किलोंच्या गाईला दूध न देताही, केवळ शरीर चालवायला, दिवसाला सुमारे ३.१ किलो पचनीय पदार्थ आणि ३२० ग्रॅम प्रथिने लागतात. त्याशिवाय साडेतीन फॅटच्या प्रत्येक लिटर दुधामागे सुमारे ३०० ग्रॅम पचनीय पदार्थ आणि ८५ ग्रॅम प्रथिने लागतात. दूध १२ लिटर असेल तर एकूण गरज ६.७ किलो पचनीय पदार्थ आणि १,३४० ग्रॅम प्रथिनांची. फॅट चारपर्यंत असेल तर लिटरमागची गरज थोडी वाढते. पहिल्या-दुसऱ्या वेतातल्या गाईची वाढ अजून चालू असते, म्हणून तिला याहून थोडे जास्त द्यावे लागते.

हा हिशेब एका गोठ्यावर लावून पाहता येईल. अहिल्यानगर जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यातले दोन एकरांचे शेत आणि दावणीला दोन संकरित होल्स्टीन गाई, असे चित्र समोर धरावे. त्यांपैकी एक ४०० किलोंची, तिसऱ्या वेताची. व्याल्यावर ती १२ लिटरपर्यंत चढली आणि महिन्याभरात आठावर उतरली. हंगाम ऊसतोडीचा, त्यामुळे वाढे स्वस्त आणि भरपूर. तिला रोज २० किलो वाढे, चार किलो कडबा, तीन किलो गव्हाचा भुसा आणि एक किलो सरकी पेंड मिळते. अशी गव्हाण पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी दिसते, आणि वरवर पाहता तीत काही कमी वाटत नाही.

वाढ्यांत पाऊण हिस्सा पाणी असते, म्हणून २० किलोंतून पाच किलो शुष्क पदार्थ मिळतो. कडब्यातून ३.६, भुशातून २.७ आणि पेंडीतून ०.९ किलो. एकूण १२ किलोंच्या थोडे वर. म्हणजे गाईचे पोट काठोकाठ भरलेले आहे. पचनीय पदार्थ वाढ्यांतून २.४, कडब्यातून १.७, भुशातून १.९ आणि पेंडीतून ०.६५, मिळून जवळपास ६.७ किलो होतात. १२ लिटरला लागणारी ऊर्जा कागदावर तरी पुरी आहे. आता प्रथिने पाहावीत. वाढ्यांच्या शुष्क भागात पाच टक्के प्रथिने धरली तर २५० ग्रॅम येतात. कडब्यातून सव्वाशे, भुशातून ४०० आणि पेंडीतून २०० ग्रॅम. बेरीज ९७५ ग्रॅम होते, आणि गरज आहे १,३४० ची. तूट ३६५ ग्रॅमची आहे. लिटरमागे ८५ ग्रॅमने भागले तर ही तूट चार लिटरांपेक्षा थोडी जास्त भरते. दूध १२ वरून आठवर का आले याचे उत्तर एवढ्या बेरजेत मिळते.

तोटा प्रथिनांपुरता थांबत नाही. गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, ओटीपोटात, असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि वैरणीतला चिवट भाग तेच पचवतात. त्यांना स्वतः वाढायला नत्र लागते, आणि ते खाद्यातल्या प्रथिनांतून येते. शुष्क पदार्थात प्रथिने सात टक्क्यांखाली गेली की हे जीव उपाशी पडतात, कडबा आणि वाढे हळू पचतात आणि पोटात जास्त वेळ पडून राहतात. या गाईच्या एकूण खाद्यात प्रथिने आठ टक्के भरतात. मर्यादेच्या जरा वर असली तरी १२ लिटरच्या गाईला ती फार अपुरी आहेत. त्यामुळे कागदावर पुरी दिसणारी ऊर्जाही प्रत्यक्षात पूर्ण हाती लागत नाही. उलट टोकही तितकेच नुकसानीचे. नुसती पेंड वाढवली आणि धान्याचा भरडा दिला नाही, तर सूक्ष्मजीवांना प्रथिने वापरायला ऊर्जा पुरत नाही. जास्तीच्या प्रथिनांचा अमोनिया होतो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो लघवीतून निघून जातो. पेंडीवर खर्च केलेले पैसे अशा रीतीने गोठ्याच्या नालीत जातात.

याच गव्हाणीत आणखी एक दोष आहे, तो कॅल्शियमचा. साडेतीन फॅटच्या १२ लिटर दुधासाठी गाईला दिवसाला सुमारे ५२ ग्रॅम कॅल्शियम आणि ३३ ग्रॅम स्फुरद लागते. गव्हाच्या भुशात स्फुरद एक टक्क्याहून जास्त आणि कॅल्शियम जेमतेम ०.१ टक्का असते. तीन किलो भुशातून स्फुरद ३० ग्रॅमच्या घरात येते, कॅल्शियम तीन-चार ग्रॅमच. त्यातच वाढ्यांतली ऑक्झलेट द्रव्ये आहे ते कॅल्शियम बांधून ठेवतात. अशी गव्हाण महिनोन्महिने चालली की गाय हाडांतले कॅल्शियम काढून दूध देते. पुढे वेळेवर माजावर न येणे, गाभण न राहणे, दगड-माती-चामडे चघळणे अशा तक्रारी सुरू होतात. वाढे द्यावेच लागत असतील तर कुट्टी करून, त्यांवर चुन्याची निवळी शिंपडून आणि इतर वैरणीत मिसळून द्यावेत. ओल्या वैरणीचा निम्म्याहून जास्त भाग वाढ्यांचा होऊ देऊ नये. वाढे ही टंचाईतली वैरण आहे. केवळ फुकट मिळतात म्हणून १२ लिटरच्या गाईची गव्हाण त्यांच्यावर उभी करणे महागात पडते.

या गाईची गव्हाण नव्याने मांडताना सुरुवात वैरणीपासून करावी, खुराक शेवटी ठरवावा. खुराक सर्वांत महाग असतो. आधी वैरणीतून जितके मिळेल तितके मिळवायचे आणि उरलेली तूट खुराकाने भरायची, हा क्रम खिशाला आणि गाईच्या पोटाला दोन्हींना मानवतो. नवी मांडणी अशी: कडबा चार किलो तसाच ठेवायचा. वाढ्यांच्या जागी १५ किलो नेपिअर आणि आठ किलो घास, म्हणजे लसूणघास, द्यायचा. नेपिअरातून तीन किलो आणि घासातून १.६ किलो शुष्क पदार्थ मिळतो. कडबा धरून वैरणीचा एकूण शुष्क पदार्थ ८.२ किलो होतो. पचनीय पदार्थ कडब्यातून १.७, नेपिअरातून १.६५ आणि घासातून जवळपास एक किलो, मिळून सुमारे ४.३ किलो. प्रथिने कडब्यातून १२५, नेपिअरातून २४० आणि घासातून ३२० ग्रॅम, मिळून जवळपास ६८५ ग्रॅम. घासाचा वाटा इथे लक्षात घेण्याजोगा आहे. गव्हाणीतला त्याचा ढीग सर्वांत लहान नसला तरी शुष्क पदार्थ मात्र त्यातून सर्वांत कमी येतो, आणि प्रथिने सर्वांत जास्त. कॅल्शियमही त्यात भरपूर असते, शुष्क भागाच्या सुमारे दीड टक्का. आठ किलो घासातून २४ ग्रॅम कॅल्शियम मिळते, म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळजवळ निम्मा भाग.

आता राहिलेली तूट पाहू. ६.७ मधून ४.३ वजा केले की २.४ किलो पचनीय पदार्थ हवे. १,३४० मधून ६८५ वजा केले की सुमारे ६५५ ग्रॅम प्रथिने हवी. ज्या खुराकात १९-२० टक्के प्रथिने आणि ६८ टक्के पचनीय पदार्थ आहेत, तो साडेतीन किलो दिला की दोन्ही तुटी एकदम भरतात: २.४ किलो पचनीय पदार्थ आणि सुमारे ६८० ग्रॅम प्रथिने. एकूण शुष्क पदार्थ ११.३ ते ११.४ किलो होतो, म्हणजे तो पोटाच्या मर्यादेत बसतो. आधीच्या गव्हाणीत भुसा आणि पेंड मिळून चार किलो खुराक जात होता, आता साडेतीन किलो जातो. दुधाची तूट खुराक वाढवून भरण्याऐवजी वैरण बदलून आणि खुराकाची घडण सुधारून भरली गेली.

साडेतीन किलो खुराकाचे मिश्रण घरीही करता येते. १०० किलोंसाठी ३५ किलो मक्याचा भरडा, २२ किलो शेंगदाणा पेंड, २० किलो सरकी पेंड, १० किलो गव्हाचा भुसा, १० किलो तूर चुनी, दोन किलो खनिज मिश्रण आणि एक किलो मीठ असे प्रमाण घेतले तर प्रथिने १९ टक्क्यांच्या वर येतात. मका ऊर्जेसाठी, पेंड प्रथिनांसाठी. भुसा आणि चुनी या दोन्ही गोष्टी अंशतः आणतात आणि मिश्रण हलके ठेवतात. खनिज मिश्रण वगळू नये. दोन टक्क्यांच्या प्रमाणात या गाईला रोज ७० ग्रॅम मिळते आणि उरलेले कॅल्शियम, स्फुरद, तांबे, जस्त वगैरे त्यातून येते. शेंगदाणा पेंड घेताना मात्र नाकाने आणि डोळ्यांनी तपासावी. ओल लागलेल्या पेंडीत बुरशी वाढते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष गाईच्या यकृताला इजा करतेच, शिवाय त्याचा अंश दुधातही उतरतो. कुबट वास येणारी, गुठळ्या झालेली पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तयार पशुखाद्य विकत घेणार असाल तर पोत्यावरचे भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि प्रथिनांची टक्केवारी आधी वाचावी.

कोणता कच्चा माल परवडतो हे पोत्याच्या भावावरून कळत नाही. गव्हाचा भुसा समजा २५ रुपये किलो आणि शेंगदाणा पेंड ५० रुपये किलो आहे. भुसा निम्म्या किमतीत मिळतो. पण भुशाच्या एक किलोत प्रथिने सुमारे १३५ ग्रॅम आणि पेंडीच्या एक किलोत सुमारे ४०० ग्रॅम असतात. प्रथिनांचा एक किलो भुशातून १८५ रुपयांना पडतो, पेंडीतून १२५ रुपयांना. गोठ्यात प्रथिनांचीच तूट असेल तर महाग दिसणारी पेंडच स्वस्त पडते. ऊर्जेची तूट असेल तर हाच भागाकार पचनीय पदार्थांवर करावा, आणि तिथे बहुधा मका पुढे येतो. भाव दर महिन्याला बदलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते.

ओल्या वैरणीसाठी लागणारी जमीन लहान शेतालाही परवडते. दोन गाईंना रोज ३० किलो नेपिअर म्हणजे वर्षाला सुमारे ११ टन, आणि १६ किलो घास म्हणजे वर्षाला सहा टनांच्या आत. पाण्याची सोय असेल तर नेपिअरला दहा गुंठे आणि घासाला सात-आठ गुंठे पुरतात, आणि उन्हाळ्यातली घट धरूनही थोडे उरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेला फुले जयवंत हा नेपिअर आणि आरएल-८८ हा लसूणघास या भागात चांगले येतात. नेपिअर कापण्याची वेळ मात्र पाळावी लागते. दर ४० ते ५० दिवसांनी, उंची चार फुटांच्या आसपास असताना कापला तर शुष्क भागात आठ टक्के प्रथिने मिळतात. वाढून पुरुषभर उंच झालेला नेपिअर वजनाला जास्त भरतो, पण त्याचे खोड काष्ठमय होते, प्रथिने पाच-सहा टक्क्यांवर येतात आणि गाय खोडे बाजूला सारून पाने तेवढी खाते. मग वरचा सगळा हिशेब चुकतो, कारण कागदावर धरलेला नेपिअर आणि गव्हाणीतला नेपिअर एक राहत नाही.

चांगली ओली वैरण मिळाली म्हणून वाळलेली बंद करणे ही मोठी चूक ठरते. कडब्यातून पोषण कमी मिळते, पण लांब, चिवट तंतू त्यातूनच मिळतात. ते चघळताना गाय रवंथ करते, रवंथ करताना भरपूर लाळ सुटते, आणि लाळेतला सोडा ओटीपोटातली आम्लता आवरतो. तंतू पचताना जे आम्ल तयार होते त्यातूनच दुधातला फॅट बनतो. कडबा काढून त्या जागी भरडा वाढवला की पहिला फटका फॅटला बसतो. त्यापुढे आम्लता वाढत गेली तर गाय खाणे टाकते, शेण पातळ आणि फेसाळ होते, काही दिवसांनी खुरे दुखू लागतात. म्हणून खुराकाचा शुष्क पदार्थ एकूण शुष्क पदार्थाच्या निम्म्यावर जाऊ देऊ नये. वरच्या मांडणीत तो तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. खुराक एका वेळी दोन किलोंहून जास्त टाकू नये, सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावा. कडब्याची कुट्टी एक-दोन इंचांची ठेवावी. अगदी बारीक केली तर नासाडी कमी होते, पण चघळण्यासारखे काही उरत नाही.

गव्हाणीत काय आधी पडते यालाही महत्त्व आहे. कोवळा, दवाने भिजलेला घास उपाशी पोटी दिला तर पोटात फेस धरून पोटफुगी होते, आणि डाव्या कुशीत फुगलेली गाय काही तासांत दगावू शकते. घास आदल्या संध्याकाळी कापून सुकत ठेवावा आणि थोडा कडबा खाऊन झाल्यावरच द्यावा. नेपिअर आणि कडबा एकत्र कुट्टी करून टाकले तर गाय निवड करू शकत नाही आणि दोन्ही संपतात. पाणी दिवसभर समोर असावे. १२ लिटर दूध देणारी गाय दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी सहज पिते आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. पाणी कमी पडले की ती आधी वैरण कमी करते आणि मग दूध.

जुन्या गव्हाणीवरून नव्या गव्हाणीवर एका दिवसात येऊ नये. ओटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याला सरावायला दहा-पंधरा दिवस लागतात. नेपिअर आणि घास दर तीन-चार दिवसांनी थोडा वाढवावा आणि वाढे तेवढेच कमी करावेत. खुराकाचे मिश्रणही जुन्यात मिसळत बदलावे. या काळात शेण पाहावे. व्यवस्थित पचणाऱ्या गाईचे शेण घट्टसर पोह होऊन पडते, ते वाहतही नाही आणि गोळ्याही होत नाही. शेणात मक्याचे अख्खे दाणे दिसले तर भरडा जाड दळला गेलेला असतो. शेण पातळ आणि गोठ्यात अमोनियाचा झणका असेल तर बहुधा प्रथिने जास्त झालेली असतात. शेण कोरडे, ढिगासारखे उभे राहत असेल तर प्रथिने किंवा पाणी कमी आहे. दुपारी निवांत बसलेल्या गाईंकडे नजर टाकली तर निम्म्याहून जास्त गाई रवंथ करताना दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाणीत टाकलेल्या वैरणीचा विसावा हिस्सा, पाचेक टक्के, शिल्लक असणे चांगले. काहीच शिल्लक नसेल तर वैरण कमी पडते आहे. खूप शिल्लक असेल आणि त्यात खोडेच असतील तर वैरण निबर आहे.

दूध बहुधा आठवडा-दहा दिवसांत हलायला लागते. फॅट थोडा उशिरा सावरतो, म्हणून संकलन केंद्रावरची पावती रोज जपून ठेवणे उपयोगी पडते. गाईची प्रकृती सावरायला मात्र महिना-दोन महिने जातात. बरगड्या आणि माकडहाडाजवळची बाजू हाताने चाचपून पाहावी. बरगड्या बोटांना लागाव्यात पण दुरून मोजता येऊ नयेत, इतपत अंगावर मांस हवे.

शेतातली परिस्थिती वर्षभर एकसारखी राहत नाही, म्हणून हिशेबही ऋतूनुसार बदलावा लागतो. मे महिन्यात पाणी आटले आणि घास संपला, तर गाईच्या गव्हाणीतून ३२० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास एक किलो पचनीय पदार्थ एकदम जातात. ते भरून काढायला ८०० ग्रॅम शेंगदाणा पेंड आणि अर्धा किलो मका भरडा वाढवावा लागतो. खर्च वाढतो, पण दूध टिकते. कॅल्शियमसाठी खनिज मिश्रण १०० ग्रॅमपर्यंत न्यावे. नेपिअर संपला तर १५ किलो नेपिअरच्या जागी १० किलो मक्याचा मुरघास चालतो. मुरघासात शुष्क पदार्थ ३० टक्के असल्याने हिशेब बरोबर जुळतो. पावसाळ्यात याच्या उलट होते. ओली वैरण फार पाणीदार असते, २५ किलो खाऊनही शुष्क पदार्थ चार किलोंच्या आत मिळतो, आणि मग कडबा वाढवावा लागतो. कोवळी, पाण्याचा ताण बसलेली हिरवी ज्वारी या काळात कधीच देऊ नये. फुलोऱ्याआधीच्या अशा ज्वारीतून सायनाइड तयार होते आणि काही मिनिटांत जनावर पडते.

कडबा किंवा गव्हाचे काड भरपूर आणि ओले काहीच नाही, अशा टंचाईत युरियाची प्रक्रिया उपयोगी पडते. १०० किलो काडाला चार किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर सारखा शिंपडावा, थर तुडवून दाबावेत आणि कागदाने हवाबंद करून तीन आठवडे ठेवावे. काडातली प्रथिने तीन-चार टक्क्यांवरून सात-आठ टक्क्यांपर्यंत जातात आणि काड मऊ होते. उघडल्यावर तासभर हवेवर ठेवून वास गेला की द्यावे. सहा महिन्यांखालच्या वासरांना ते अजिबात देऊ नये, आणि युरियाचे पाणी कुठल्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नये.

गाईच्या वेताच्या टप्प्याप्रमाणेही प्रमाण बदलते. व्याल्यानंतर दूध सहाव्या ते आठव्या आठवड्यात सर्वांत जास्त असते, पण खाण्याची भूक त्यानंतर महिनाभराने पूर्ण वाढते. मधल्या काळात गाय अंगावरची चरबी वितळवून दूध देते आणि थोडी वाळते. या दोन महिन्यांत सर्वांत चांगला घास आणि नेपिअर तिलाच द्यावा, खुराक दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या किलोने वाढवावा. दूध उतरू लागले की प्रत्येक लिटरमागे ३००-३५० ग्रॅमने खुराक कमी करता येतो. भाकड काळात, म्हणजे विण्याआधीचे दोन महिने, वैरणीसोबत दीड-दोन किलो खुराक पुरतो. शेवटच्या तीन आठवड्यांत घास आणि कॅल्शियमचे डोस टाळावेत. त्या काळात बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले तर विल्यानंतर हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची तयारी होत नाही आणि गाय दुधाच्या तापाने खाली बसते.

हा सगळा हिशेब हाताने न करता संगणकावरही करता येतो. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१२ नंतर राष्ट्रीय दुग्ध योजनेतून असे संतुलन गावोगावच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत गोठ्यापर्यंत नेले. गाईच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्याच्या नोंदीवर तिचे वजन, दूध, फॅट आणि उपलब्ध वैरण भरली की कमीत कमी खर्चाचे प्रमाण पडद्यावर येते. पण त्यात भरायचा आकडा चुकीचा असेल तर उत्तरही चुकते. पेंढीचे वजन अंदाजे धरले, पाणीदार नेपिअर निबर नेपिअर म्हणून लिहिला किंवा दुधाचा लिटर मापात कमी भरला, तर यंत्रही काही करू शकत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी एका दिवसाची सगळी वैरण आणि खुराक काट्यावर तोलून पाहावा.

हिशेबालाही मर्यादा आहे. ज्या गाईची आनुवंशिक ताकदच दहा लिटरची आहे ती संतुलित गव्हाणीनेही १८ लिटर देणार नाही. तिला जास्त खुराक घातला तर ती फक्त लठ्ठ होते. उन्हाळ्यात गोठ्यावर पत्रे तापत असतील, तर गाय धापा टाकत असल्याने वैरण कमी खाते. तिथे सावली आणि पाणी हाच उपाय असतो. मोजून-मापून तीन आठवडे नवी गव्हाण दिली, शेण ठीक आहे, रवंथ चालू आहे, तरीही दूध वाढत नसेल, तर खुराकाचे माप आणखी न वाढवता शेणाची जंतांसाठी आणि दुधाची कासदाहासाठी तपासणी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्यावी.